फक्त बघायची किल्ली

पाणीपुरवठा कार्यालयात त्यांना सगळे मीटरबाई म्हणत. हे नाव त्यांना इतकं चिकटलं होतं की घरच्या फोनवरसुद्धा पलीकडचा माणूस "मीटरबाई आहेत का?" असंच विचारायचा. नोकरीला लागल्या तेव्हा त्या टायपिस्ट होत्या. मग टाइपरायटर गेले, संगणक आले, आणि ज्यांनी पहिल्याच दिवशी हात झटकले नाहीत त्यांच्या गळ्यात शहरभरच्या पाण्याच्या मीटरांचे आकडे घालून साहेब मोकळे झाले.

"मला भीती वाटली नाही असं नव्हतं," बाई सांगायच्या. "नाही म्हणायचं सुचलं नाही, एवढंच."

पुढे आकडे इतके वाढले की एका महिन्याचा अहवाल काढता काढता दुसरा महिना डोक्यावर येऊन बसायचा. तेव्हा, चाळिशी मागे पडून बरीच वर्षं झाल्यावर, बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडून पायथन ही संगणकाची भाषा शिकून घेतली. हौसेपोटी नव्हे. मान आखडायची, डोळे चुरचुरायचे, आणि हे सगळं रटाळ काम मशीनवर ढकलता येतं असं कळल्यावर त्यांनी त्या मुलीचा पिच्छाच पुरवला. स्क्रिप्ट, म्हणजे कामाच्या सूचनांची एक फाइल, लिहायची, ती संगणकाला वेळ लावून द्यायची, की ती आपली आकडे आणते, डेटाबेसमध्ये टाकते, बेरजा करते. बाई म्हणायच्या, "माझ्या घरात न सांगता काम करणारं एवढंच एक आहे."

घरात तशी चारच माणसं. खालच्या मजल्यावर बाई आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळे थोरले म्हणत. वरच्या मजल्यावर धाकटे दीर आणि जाऊ. मुलं कधीच आपापल्या गावी पांगली होती. रात्रीचं जेवण मात्र चौघांचं एकत्र, खालच्या स्वयंपाकघरात, कारण तिथलं टेबल मोठं होतं आणि सासूबाईंनी लावलेली सवय मोडायला कोणी पुढाकार घेतला नव्हता.

भांडण होई ते या टेबलावरच.

भावजींनी उमेदीची सगळी वर्षं औषध कंपनीची बॅग खांद्याला लावून डॉक्टरांच्या दाराबाहेर बसून काढली होती. कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली, आणि पन्नाशीतल्या माणसाला ठेवण्यापेक्षा घरी पाठवणं स्वस्त पडलं. दोन वर्षं नोकरी शोधून भावजी थकले आणि एका ऑनलाइन एक्सचेंजवर खातं उघडून बिटकॉइनच्या सौद्यांकडे वळले. भावांनी वडिलांचं दुकान विकलं होतं, त्यातला आपला वाटाही थोरल्यांनी त्यांच्याच हवाली केला. देताना छाती पुढे काढून म्हणाले होते, "तुझ्यावर विश्वास नाही तर कोणावर?" आणि दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू झाली.

"काय, कसं चाललंय?"

"बरं चाललंय."

"बरं म्हणजे किती बरं?"

"दादा, जेवू दे रे."

भावजींनी एक तक्ता केला होता. सौदा घेतला की त्यात लिहायचं, बंद केला की लिहायचं. पण माणूस वैतागलेला असला की लिहीत नाही, आणि सौदे करणारा माणूस बहुतेक वेळा वैतागलेलाच असतो. फायद्याच्या दिवशी तक्ता टापटीप भरलेला असायचा, नुकसानीच्या दिवशी कोरा. भावजी लबाड नव्हते. शाळेत नापास झालेला पेपर पोरगं दप्तराच्या तळाशी सरकवतं, तसंच. थोरल्यांना मात्र त्या कोऱ्या ओळीत भलतंसलतं दिसायचं. आवाज चढायचे. धाकटी जाऊ ताटातलं बोटांनी चिवडत बसायची, आणि बाई उठून उगीचच गॅस पुसायला लागायच्या.

एका रविवारी दुपारी बाई वर गेल्या आणि दिरांच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"भावजी, तुमच्या एक्सचेंजच्या खात्यावर एपीआयची किल्ली काढता येते ना?"

भावजींनी चष्म्यावरून पाहिलं. "येते. का?"

"मला एक काढून द्या. फक्त बघायची. म्हणजे माझी स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी तिथे जाईल, कोणता सौदा उघडा आहे, कितीचा आहे, किती भावाला घेतला, आत्ता भाव काय, एवढं वाचेल आणि डेटाबेसमध्ये टिपून ठेवेल. तुम्ही लिहायचं नाही. ह्यांनी विचारायचं नाही. मला एक वेळचं जेवण शांतपणे गिळायचंय."

"म्हणजे माझ्यावर पहारा."

"तुमच्यावर कसला पहारा? माझ्या डोकेदुखीवर औषध आहे ते. तुम्ही औषधवाले, तुम्हाला कळायला पाहिजे."

भावजी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून जावेने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

किल्ली काढायच्या पानावर चौकटी होत्या. एक वाचण्याची, एक सौदे करण्याची, एक पैसे बाहेर काढण्याची. भावजींचं बोट दुसऱ्या चौकटीवर घुटमळलं. "ही पण देऊन ठेवू का? वेळप्रसंगी तुम्हालाच बंद करता येईल."

"मुळीच नको," बाई म्हणाल्या. "उद्या काही इकडचं तिकडं झालं तर माझ्या स्क्रिप्टने केलं की तुम्ही केलं, यावर नवा तमाशा. आणि किल्ली चोरीला गेली तर चोराला नुसते आकडे दिसू देत."

तेव्हा फक्त पहिल्या चौकटीत खूण झाली. किल्लीचा गुप्त भाग एकदाच दिसतो, पान बंद केलं की पुन्हा नाही, म्हणून बाईंनी तो लगेच उतरवून घेतला, तोही स्क्रिप्टमध्ये न लिहिता वेगळ्या बंद फाइलमध्ये. एक छोटा सर्व्हर त्यांनी भाड्याने घेतला होता, त्याचा इंटरनेटवरचा पत्ता कायम एकच. ही किल्ली त्या पत्त्यावरूनच चालेल, इतर कुठूनही नाही, असंही भावजींकडून नोंदवून घेतलं.

पहिला आठवडा कटकटीचा गेला. सर्व्हरचं घड्याळ थोडं मागे पडलं होतं आणि एक्सचेंज प्रत्येक विनंती परत फिरवत होतं, कारण विनंतीवरची वेळ जुनी असली की ते दारातही उभं करत नाही. घड्याळ जुळवलं तर आकडे यायला लागले, पण ते अक्षरांच्या रूपात. त्यांची साधी दशांशांची संख्या केली की शेवटच्या घरात सूक्ष्म फरक पडतो हे बाईंना पाण्याच्या बिलांमुळे पाठ होतं, म्हणून त्यांनी ते आले तसे ठेवले. डेटाबेसमध्ये सगळ्या वेळा जागतिक घड्याळाच्या होत्या आणि हे थोरल्यांना सांगायचं राहिलं. एका संध्याकाळी बाईंनी काढून दिलेली यादी बघून ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "हा दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसला होता तेव्हा याने सौदा कसा घेतला? मी स्वतः सोबत होतो!"

"अहो, ती वेळ इथली नाही. काही तास पुढेमागे करायचे."

"मग इथली दाखव ना! मला काय जगाची घड्याळं मोजायचीत?"

म्हणून बाईंनी नवऱ्यासाठी फोनवर उघडेल असं एक साधं पान करून दिलं. डेटाबेसमधली शेवटची नोंद त्यात दिसायची. थोरल्यांनी त्यातही खोड्या काढल्या. वेळ नको, बारीक अक्षरं नकोत. मोठ्या आकड्यात आत्ताचा भाव, नफा की तोटा, आणि ती रेषा. ती रेषा म्हणजे, भावजी हाताशी असलेली रक्कम एक्सचेंजकडे अनामत ठेवून तिच्या काही पट मोठा सौदा घेत, आणि भाव अमुक खाली गेला की एक्सचेंज स्वतःच सौदा मोडून सगळी अनामत गिळून टाकतं, तो भाव. थोरले त्याला 'खड्डा' म्हणत. बाई कंटाळल्या होत्या. त्यांनी वेळ काढून टाकली, अक्षरं मोठी केली आणि झोपायला गेल्या.

शांतता खरंच आली. दोन महिने कोणी विचारलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. फक्त थोरले आता जेवताना डाव्या हातात फोन धरून बसू लागले. मधेच त्यांच्या कपाळाला आठी पडे, मधेच ती सुटे, आणि भावजी भावाच्या कपाळाकडे पाहून घास घेत. धाकटी एकदा भांडी आवरताना हळूच म्हणाली, "ताई, आधी भांडत तरी होते." बाईंना त्यावर बोलायचं होतं, पण दिवसभर कार्यालयात बोलून घसा बसला होता.

मग भावजींच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे निघाले. तपासण्या झाल्या, तारीख ठरली, आणि ठरलेल्या तारखेच्या आधीच एका सकाळी दुखणं इतकं वाढलं की त्यांना उचलूनच रुग्णालयात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, थांबण्यात अर्थ नाही, आत्ताच घेऊ.

शस्त्रक्रिया विभागाच्या बाहेर एक लांबट व्हरांडा होता. भिंतीला टेकून निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एकमेकींना पट्टीने जोडलेल्या, म्हणजे एक जण हलला की सगळी रांग हलायची. आत नेण्याआधी भावजी पलंगावर पडल्या पडल्या फोनवर काहीतरी करत होते. मग नर्स ओरडली, त्यांनी फोन बंद करून बायकोच्या हातात दिला आणि दार मिटलं.

दुर्बिणीने होईल, तासाभराचं काम आहे, असं सांगितलं होतं. तास उलटून गेला. एक डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की सूज जास्त आहे, पोट उघडावं लागेल, वेळ लागेल, पण काळजीचं कारण नाही. काळजीचं कारण नाही हे ऐकून धाकटी जास्तच घाबरली. बाईंनी तिचा हात धरून ठेवला. थोरले पलीकडच्या खुर्चीत होते, आणि थोड्या वेळाने खुर्च्यांची रांग हलायला लागली. थोरल्यांचा पाय थरथरत होता. त्यांच्या हातात फोन होता.

"हा सौदा उघडा आहे," ते म्हणाले.

"कुठला?"

"याचा! उघडा टाकून आत गेलाय. आणि भाव पडतोय. बघ."

बाईंनी पाहिलं. मोठ्या अक्षरात तोटा लाल दिसत होता. सौदा मोठा होता, भावजी एरवी घेत त्याहून मोठा. दर पाच मिनिटांनी नवा आकडा यायचा आणि प्रत्येक आकडा खड्ड्याच्या दिशेने सरकलेला असायचा.

"बंद कर," थोरले म्हणाले.

"मला नाही करता येत."

"म्हणजे? तूच केलंयस ना हे सगळं?"

"माझ्याकडे फक्त बघायची किल्ली आहे. वाचता येतं. सौदा घ्यायला, मोडायला, कशालाच हात लावता येत नाही."

थोरल्यांनी बाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांनी घराला खिडकी ठेवली आणि दार बसवायला विसरल्या. "अशी बिनकामाची किल्ली घेतलीस कशाला?"

बाईंना सांगता आलं असतं की तुमच्यासाठीच घेतली, तुमचा आवाज चढू नये म्हणून घेतली. पण तोवर थोरले उठून धाकटीसमोर उभे राहिले. "त्याचा फोन दे."

धाकटीने दिला. फोन कुलूपबंद होता. कुलपाचा आकडा तिला माहीत नव्हता, फोन नवाच घेतलेला. थोरल्यांनी अंदाजाने दोनतीनदा प्रयत्न केला, फोनने थोडा वेळ थांबायला सांगितलं.

"अंगठ्याने उघडतो ना? आत निरोप पाठव. नर्सला म्हणावं, एकदा त्याचा अंगठा लावून दे."

"दादा," धाकटी म्हणाली, "पोट उघडलंय त्यांचं."

"एक सेकंदाचं काम आहे ते!"

"अहो, बसा खाली," बाई म्हणाल्या.

पण थोरले बसायच्या पलीकडे गेले होते. इतक्या महिन्यांचं जेवणाच्या टेबलावर न बोललेलं सगळं त्या व्हरांड्यात बाहेर पडलं. तुझ्या नवऱ्याने वडिलांचं नाव बुडवलं. तुला कधी विचारावंसं वाटलं नाही का, की दिवसभर माणूस घरात बसून करतो काय? तू डोळ्यांवर कातडं ओढून बसलीस. आजूबाजूचे नातेवाईक आपापल्या पिशव्यांमध्ये बघायला लागले. धाकटीने नवऱ्याचा फोन पदरात गुंडाळला आणि दाराकडे तोंड करून बसली.

बाईंना त्या क्षणी सौद्यापेक्षा भयंकर वाटला तो आपला स्वतःचा कंटाळा. नवऱ्याला दोन शब्द सुनवायला हवेत हे कळत होतं, पण अंगात त्राणच नव्हतं. त्या नुसतं म्हणाल्या, "ती माझ्याशेजारी बसलीय. तिला आता एक शब्द बोललात तर मी तुमच्याबरोबर घरी येणार नाही." आवाज न चढवता म्हणाल्या, आणि थोरले गप्प झाले, कारण बाई असं कधी बोलत नसत.

त्यानंतर काही वेळाने थोरल्यांचा चेहरा सैल पडला. फोन बाईंसमोर धरून ते कुजबुजले, "थांबला. बघ. पडायचा थांबला. मघापासून तिथेच आहे."

आकडा खरंच जिथल्या तिथे होता. खड्ड्याच्या बराच वर. थोरल्यांनी पाणी आणलं, स्वतः प्यायले, धाकटीच्या बाजूला बाटली ठेवली. "आता वर जाईल," म्हणाले. बाईंनाही बरं वाटलं. त्या डोळे मिटून भिंतीला टेकल्या. जरा वेळाने थोरले पुन्हा म्हणाले, "अजून तेवढाच आहे. एका पैचा फरक नाही."

बाईंनी डोळे उघडले.

कार्यालयात एखाद्या घराचं मीटर लागोपाठ दोन महिने तोच आकडा दाखवायला लागलं, तर त्या घरात कोणी पाणी वापरलं नाही असं बाई कधीच समजत नसत. त्या माणूस पाठवून मीटर अडकलंय का ते बघायला लावत. बिटकॉइनचा भाव तर एका मिनिटात शंभरदा हलतो. तो एका पैच्या फरकाशिवाय इतका वेळ एका जागी उभा राहणं शक्य नव्हतं.

त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला. तो त्यांच्याकडे कायम असायचा, कार्यालयातून कधीही फोन यायचा म्हणून. फोनच्या इंटरनेटवरून त्या आपल्या सर्व्हरवर पोचल्या आणि डेटाबेसमधली शेवटची नोंद वेळेसकट काढली. ती बरीच जुनी होती. त्यानंतर एकही ओळ नव्हती. स्क्रिप्ट मात्र न चुकता दर पाच मिनिटांनी धावत होती, एक्सचेंजकडून व्यवस्थित उत्तर घेत होती, कुठेही चूक दाखवत नव्हती.

चूक बाईंची होती, आणि ती त्यांना लख्ख दिसली. एक्सचेंजला विचारलं की उघडे सौदे कोणते, तर ते फक्त उघडे सौदेच सांगतं. सौदा बंद झाला की 'बंद झाला' असं म्हणत नाही, यादीतून गाळून टाकतं. यादी रिकामी आली आणि त्यांची स्क्रिप्ट जे आलं ते लिहायची. काही आलंच नाही, म्हणून काही लिहिलं नाही. पानावर जुनाच आकडा बसून राहिला. आधी भावजी सौदा मोडायचे आणि लगेच दुसरा घ्यायचे, म्हणून हे कधी उघडकीला आलं नव्हतं. आणि नोंदीची वेळ दिसली असती तर थोरल्यांनाही कळलं असतं, पण ती बाईंनीच काढून टाकली होती.

"काय झालं?" थोरल्यांनी विचारलं.

"भाव थांबलेला नाही. सौदा उरलेला नाही."

"खड्ड्यात गेला?"

"ते अजून कळलं नाही. थांबा."

उघड्या सौद्यांपलीकडे बाईंच्या स्क्रिप्टने आजवर काहीच विचारलं नव्हतं. पण वाचायच्या किल्लीला एक्सचेंजला दिलेले खरेदीविक्रीचे हुकूम आणि झालेल्या व्यवहारांचा इतिहासही वाचता येतो. बाईंनी तिथेच मांडीवर चार ओळी लिहिल्या. बोटं चुकत होती. खुर्च्यांची रांग हलत होती, कारण थोरल्यांचा पाय पुन्हा थरथरत होता. दोनदा लिहिण्यातल्या चुकीमुळे काही आलं नाही. तिसऱ्या वेळी उत्तर आलं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. एक्सचेंजने सौदा मोडला असता तर तसं लिहून आलं असतं. तसं नव्हतं. विक्रीचा एक हुकूम आधीपासून लावून ठेवलेला होता, भाव अमुक पातळीला आला की आपोआप विकून टाक आणि नवं काही घेऊ नको, असा. ती पातळी खड्ड्याच्या बरीच वर होती. हुकूम दिल्याची वेळ पाहून बाईंनी मनातल्या मनात तास पुढेमागे केले. भावजींना आत नेलं त्याच्या जरासं आधीची होती ती.

"त्यांनी आत जायच्या आधीच बंदोबस्त केला होता," बाई म्हणाल्या. "तोटा झालाय. लहान नाही. पण बुडालेलं नाही, बरंच शिल्लक आहे. तुम्ही ओरडत होतात तेव्हा सौदा बंद झालेलाही होता."

धाकटी दाराकडे बघतच म्हणाली, "म्हणून ते फोन सोडत नव्हते. नर्स ओरडली तरी." आणि मग, सकाळपासून पहिल्यांदाच, तिला रडू फुटलं.

थोरले उठले, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन खिडकीतून खालचं वाहनतळ बघत उभे राहिले. परत आले ते चहाचे तीन कप घेऊन, एक सांडत. धाकटीसमोर कप धरून म्हणाले, "चुकलो गं मी." तिने कप घेतला. माफ केलं की नाही ते तिच्या तोंडावरून कळलं नाही, आणि कळावं असा आग्रह धरायची कोणाचीच ताकद नव्हती.

भावजी सुखरूप बाहेर आले. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलता येऊ लागलं. बाई एकट्याच त्यांच्याजवळ होत्या, जाऊ औषधं आणायला गेली होती.

"गेला ना सौदा?" भावजींनी विचारलं. आवाज खरखरीत होता.

"गेला. तुम्ही लावलेल्या भावाला."

भावजींनी डोळे मिटले. बाईंना वाटलं, झोपले. पण ते बोलले. "वहिनी, तो सौदा इतका मोठा मी का घेतला माहितीय? दादा जेवताना कपाळाला आठ्या घालायचा. म्हटलं, एकदा मोठा फायदा दाखवतो, आठी जाईल. आणि तो हुकूम लावला ना, तेव्हा वाटलं, लागू दे. लागला तर सुटेन."

"मला सांगायचं होतंत."

"तुमची स्क्रिप्ट सगळं बघतेच ना, म्हणून वाटलं कळलं असेल."

"ती सगळं बघत नव्हती," बाई म्हणाल्या. "मी जेवढं विचारायला शिकवलं तेवढंच बघत होती. तुमच्या लावलेल्या हुकमांबद्दल मी कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर काल कोणी ओरडलं नसतं."

"दादा ओरडला?"

"ओरडले. तुमच्या बायकोला."

भावजी म्हणाले, "घरी गेलो की ती किल्ली मी रद्द करतो. तुमच्यावर राग नाही."

"करा," बाई म्हणाल्या. "मला तर सुटका होईल."

पण त्याआधी बाईंनी स्क्रिप्ट दुरुस्त केली. का केली ते त्यांना सांगता आलं नसतं. बिघडलेलं काम तसंच टाकून उठायची सवय नव्हती, म्हणून असेल. आता एखादा सौदा यादीतून नाहीसा झाला की ती त्याच्या नावासमोर शून्य लिहायची. लावून ठेवलेले हुकूमही वाचायची. पानावर नोंदीची वेळ ठळक दिसायची, आणि ती इथल्या घड्याळाची असायची. दुरुस्त झालेल्या स्क्रिप्टने इमानेइतबारे शून्यंच लिहिली, कारण भावजींनी पुन्हा सौदा घेतला नाही. उरलेल्या पैशातला थोरल्यांचा वाटा त्यांनी त्यांच्या खात्यात टाकला. थोरले म्हणाले, राहू दे. भावजी म्हणाले, नको, मला जेवता येत नाही. यावर थोरल्यांनी वाद घातला नाही.

जखम भरल्यावर भावजी औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याकडे लागले. पगार पूर्वीच्या निम्मा, आणि मालक त्यांच्यापेक्षा वयाने बराच लहान. ते संध्याकाळी पाय सुजवून येत आणि जेवताना पेंगत. धाकटी थोरल्यांना वाढायची, हवं नको विचारायची, पण त्यांच्याशी पूर्वीसारखं हसून बोलायला तिला पुष्कळ दिवस लागले. थोरल्यांनी फोनवरचं पान काढून टाकलं होतं. तरी जेवताना डावा हात टेबलावर रिकामा कुठे ठेवावा हे त्यांना समजत नसे, मग ते मिठाची डबी इकडून तिकडे सरकवत बसत.

एका सकाळी कार्यालयात बाईंच्या फोनवर सर्व्हरचा निरोप आला. एक्सचेंजने विनंती नाकारली होती, किल्ली ओळखत नाही असं म्हणून. भावजींनी ती शेवटी रद्द केली होती, बोलल्याप्रमाणे, फक्त वेळ मिळेल तेव्हा. पाच मिनिटांनी तोच निरोप पुन्हा आला. बाईंनी सर्व्हरवर जाऊन स्क्रिप्टची वेळ काढून टाकली, डेटाबेसची एक प्रत आपल्याकडे उतरवली आणि सर्व्हरचं भाडं पुढच्या महिन्यापासून नको असं कळवून टाकलं.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "काही अडलंय का, मीटरबाई?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "एक काम कमी झालं."

मग त्यांनी उत्तरेकडच्या वस्तीतल्या मीटरांची फाइल उघडली आणि कोणकोणत्या घरांचे आकडे हललेले नाहीत ते बघायला सुरुवात केली.